डबा झोपेसाठी निवडा, सामानाची सोय वेगळी करा

रात्रभराच्या प्रवासाचं तिकीट काढताना घराघरांत एक वाक्य हमखास निघतं: "सामान जास्त आहे, एसीचंच काढू, तिथे चोरीची भीती नाही." मग स्लीपरच्या जवळपास अडीचपट भाडं भरून थ्री एसीचं तिकीट निघतं आणि सामानाची काळजी मिटली असं सगळे धरून चालतात. या हिशेबात दोन निराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. कोणत्या वर्गाने जायचं हा झोपेचा, तब्येतीचा आणि हवामानाचा प्रश्न आहे. सामान सकाळी जागेवर सापडेल की नाही, हे मात्र वर्गापेक्षा बर्थ कोणता, पिशवी कुठे ठेवली आणि ती उचलायला किती वेळ लागतो यावर ठरतं. हे दोन प्रश्न सुटे केले की एसीला उगाच पैसे जात नाहीत, आणि एसीत बसूनही माणूस गाफील राहत नाही.

आधी रात्रीच्या गाडीत चोरी कशी होते ते पाहू. मुंबईहून संध्याकाळी सातच्या सुमारास निघणारी विदर्भ एक्सप्रेस घ्या. नागपूरपर्यंत 837 किलोमीटरचा प्रवास. कल्याण सोडून गाडी कसाऱ्याला येते. पुढचा घाट 1:37 चढणीचा असल्यामुळे तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, आणि तेवढा वेळ गाडी उभी असते. साडेदहाच्या आसपास नाशिक रोड येतं, मध्यरात्र उलटल्यावर जळगाव आणि भुसावळ, पहाटे अकोला आणि बडनेरा. उचललेली बॅग घेऊन चालत्या गाडीत कुठे जाता येत नाही. ती घेऊन उतरावंच लागतं, आणि उतरायला स्टेशन लागतं. म्हणून रात्रीतले धोक्याचे काळ मोजकेच आहेत. स्टेशन येण्याआधीची काही मिनिटं आणि गाडी उभी असते तेवढा वेळ, एवढेच. त्या वेळी उतरणारे लोक बॅगा घेऊन दाराकडे निघालेले असतात, त्यामुळे हातात बॅग घेऊन चालणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. चोराला बॅग वाकून ओढता आली पाहिजे आणि काही सेकंदांत चालायला लागता आलं पाहिजे. एक मिनिट खटपट करावी लागणारी, खडखड वाजणारी बॅग त्याच्या कामाची नसते, कारण तशाच दहा बॅगा पुढच्या बर्थांखाली मोकळ्या पडलेल्या असतात. सामानाच्या सुरक्षेचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा करता येतो. चोरी अशक्य करायची नसून तिला लागणारा वेळ वाढवायचा आहे.

एसीमुळे यात काय बदलतं? दोन गोष्टी खरोखर बदलतात. खिडकी बंद काचेची असल्यामुळे बाहेरून हात घालून मोबाइल किंवा गळ्यातलं ओढण्याचा प्रकार होत नाही. शिवाय बिनारिझर्वेशनची गर्दी डब्यात कमी शिरते, त्यामुळे अनोळखी वावर कमी असतो. पण बर्थखालची बॅग उचलण्याच्या दृष्टीने एसी डबा चोराला काही बाबतींत सोयीचाच पडतो. दिवे विझलेले असतात, एसीचा एकसुरी आवाज चालू असतो आणि प्रवासी पांघरूण डोक्यावरून घेऊन निर्धास्त झोपलेले असतात. टू एसीत तर पडदे असतात. एकदा पडदा ओढला की आतली माणसं बाहेरच्याला दिसत नाहीत, तसाच आत शिरलेला माणूसही समोरच्या प्रवाशाला दिसत नाही. स्लीपरमध्ये गर्दी असते हे खरं, पण कोणी ना कोणी जागंही असतं. फर्स्ट एसीच्या कूपला आतून कडी लागते, तेवढाच काय तो खरा फरक, आणि तीही लावली तरच. तेव्हा एसीत चोरी होत नाही ही समजूत सोडून द्या. एसीत खिडकीतून होणारी चोरी होत नाही, इतकंच म्हणता येतं.

मग वर्ग कशावरून निवडायचा? झोपेवरून. मे महिन्यात भुसावळ ते अकोला हा पट्टा रात्रीही तापलेला असतो. स्लीपरच्या अप्पर बर्थवर छताची धग लागते आणि पंख्याने गरम हवाच फिरते. साठी ओलांडलेल्यांना, रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांना आणि लहान मुलांना या काळात एसी ही गरजेची गोष्ट आहे. त्यावर खर्च करण्यात काहीच वावगं नाही. डिसेंबरमध्ये हिशेब उलटतो. स्लीपरच्या खिडकीच्या फटींतून गार वारा येतो आणि अंथरूण-पांघरूण रेल्वे देत नाही. पण घरची चादर आणि शाल सोबत घेतली तर धडधाकट माणसाची रात्र तिथे उत्तम जाते. थ्री एसी आणि टू एसी यांतला फरक मुख्यतः जागेचा आहे. थ्री एसीच्या नव्या लाल डब्यात 72 बर्थ, तर टू एसीत साधारण 52. टू एसीत मिडल बर्थ नसतो, त्यामुळे लोअर बर्थवाल्याला हवं तेव्हा ताठ बसता येतं. थ्री एसीत मिडल बर्थ उघडला की खाली मान वाकवूनच बसावं लागतं. गुडघ्याचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्याला टू एसीचे जादा पैसे या कारणासाठी द्यावेसे वाटले तर ते योग्यच आहे. सामानासाठीही टू एसीत एक फायदा आहे, तो म्हणजे एका खणातल्या दोन लोअर बर्थांखाली सहाऐवजी चौघांच्याच बॅगा मावाव्या लागतात. बॅग आपल्याच नजरेखाली राहण्याची शक्यता वाढते, पण म्हणून साखळी लागत नाही असं नाही.

वर्गाइतकाच, किंबहुना सामानाच्या दृष्टीने वर्गापेक्षाही महत्त्वाचा असतो बर्थ. स्लीपर आणि थ्री एसीत आठ-आठ बर्थांचे खण असतात. आपल्या बर्थच्या आकड्याला आठने भागा. बाकी 1 किंवा 4 उरली तर लोअर, 2 किंवा 5 उरली तर मिडल, 3 किंवा 6 उरली तर अप्पर. बाकी 7 म्हणजे साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. म्हणजे 33 हा लोअर, 38 हा अप्पर आणि 40 हा साइड अप्पर. टू एसीत सहाने भागायचं. तिथे 1 आणि 3 लोअर, 2 आणि 4 अप्पर, 5 साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. सामानाचा राखणदार लोअरवाला असतो, कारण बॅग त्याच्या अंगाखाली असते आणि ती ओढली की धक्का त्याला जाणवतो. अप्परवाल्याला झोप सर्वांत शांत लागते, पण त्याची बॅग त्याला दिसत नाही. साइड लोअरखालची बॅग वाटेला चिकटून असते, येणाजाणाऱ्याला वाकायचीही फारशी गरज पडत नाही. एकट्याने जड सामान घेऊन जायचं असेल तर लोअर मागावा. पाठीवरची एकच सॅक असेल तर अप्पर उत्तम. सॅक उशाशी घ्यावी, पट्टा दंडात अडकवावा, की साखळीची गरजच उरत नाही. दारालगतच्या पहिल्या आणि शेवटच्या खणांतून रात्रभर लोकांची ये-जा असते. पण आरक्षण करताना बर्थचा आकडा मागता येत नाही, फक्त प्रकार मागता येतो. तिथे बर्थ मिळाला तर सामान जास्त काळजीने बांधायचं, एवढंच हाती राहतं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, मे महिन्यात मुलगा आणि सून यांच्याबरोबर 68 वर्षांचे वडील आणि 63 वर्षांची आई मुंबईहून नागपूरला निघाले आहेत. दोन मोठ्या सुटकेस, एक कापडी बॅग, खाण्याची पिशवी आणि दोन पर्सेस. उन्हाळा आणि वय पाहता थ्री एसी ठरवलं. चौघांचं एकच तिकीट काढण्याकडे कोणाचाही कल असेल, पण ज्येष्ठांसाठीचा लोअर बर्थचा कोटा एक किंवा दोन ज्येष्ठच तिकिटावर असतील तेव्हा लागू होतो. चौघांच्या तिकिटावर आईवडिलांना मिडल आणि अप्पर येण्याची शक्यता राहते. म्हणून आधी आईवडिलांचं तिकीट ज्येष्ठांच्या कोट्यातून काढावं. डबा मिळाला, समजा बी-4, की लगेच दुसऱ्या दोघांचं तिकीट काढताना अर्जातल्या पसंतीच्या डब्याच्या रकान्यात तोच डबा भरावा. तो मिळेलच असं नाही, पण जागा असतील तर मिळतो. या पद्धतीने आईवडील लोअरवर आले, तर त्यांना चढउतार करावी लागत नाही आणि दोन्ही मोठ्या सुटकेस घरच्याच माणसांच्या खाली राहतात.

सुटकेसचं मापही आधीच पाहायला हवं. रेल्वेच्या नियमात थ्री एसीत 40 किलोपर्यंत सामान मोफत आहे, टू एसीत 50 आणि स्लीपरमध्ये 40. पण वजनापेक्षा अडचण होते ती उंचीची. थ्री एसीसाठी ठरवलेलं माप 55 बाय 45 बाय 22.5 सेंटिमीटर आहे, आणि त्यामागे कारण आहे. याहून फुगीर बॅग बर्थखाली शिरत नाही. मग ती वाटेत किंवा दाराजवळ ठेवावी लागते, आणि तिथली बॅग ही कोणाच्याच नजरेतली नसते. परदेशी प्रवासासाठी घेतलेली मोठी कडक ट्रॉली रात्रीच्या रेल्वेला नेमकी याच कारणाने गैरसोयीची. त्याऐवजी मध्यम आकाराच्या दोन बॅगा घ्याव्यात. फारच जास्त सामान असेल तर ते पार्सल ऑफिसात नोंदवून, पावती घेऊन, लगेजच्या डब्यातून पाठवावं. त्या पावतीला कायद्यात वजन आहे, ते कसं ते पुढे येईल.

बॅग लावण्याचीही पद्धत आहे. लोअर बर्थच्या खाली साखळी अडकवण्यासाठी लोखंडी कड्या असतात. त्या मोबाइलच्या उजेडात शोधाव्या लागतात, म्हणून हे काम गाडीत बसल्या बसल्या, बाकीचे प्रवासी स्थिरावण्याआधी करावं. सुटकेस आडवी, चेन भिंतीकडे आणि हँडल कडीकडे येईल अशी आत सरकवावी. साखळी ट्रॉलीच्या ओढायच्या दांड्यातून घालू नये. तो दांडा पातळ असतो आणि दोन-चार झटक्यांत निघतो. बाजूच्या शिवलेल्या किंवा रिव्हेट मारलेल्या हँडलमधून ती घालावी. दोन्ही सुटकेस एकाच साखळीत ओवल्या तर एक ओढताना दुसरीही हलते आणि आवाज होतो. नाजूक भाग आहे तो बॅगेची चेन. बॉलपेनच्या टोकाने तिचे दात मध्येच फाकवता येतात, आतलं काढून घेता येतं आणि खटका पुन्हा पुढेमागे फिरवला की चेन जशीच्या तशी मिटते. म्हणून दोन्ही खटके एकत्र करून छोट्या कुलपाने हँडलला अडकवावेत. म्हणजे खटका फिरणार नाही, फाकलेली चेन उघडीच राहील आणि काय झालं ते उतरण्याआधी कळेल. खाण्याची पिशवी आणि कापडी बॅग पुढे लावावी, कारण आत जायला आधी त्या बाजूला काढाव्या लागतील.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: साखळी कटरने तुटते, मग तिचा उपयोग काय? तुटते हे मान्य. पण बर्थखाली, अंधारात, वर माणूस झोपलेला असताना आणि स्टेशन जवळ येत असताना साखळी तोडणं हा चोराच्या दृष्टीने वेळेचा आणि आवाजाचा तोटा आहे. दुसरा आक्षेप असा की आळीपाळीने जागून पहारा देता येईल. चौघं तरुण असतील तर येईलही. पण पहाटे चारच्या सुमारास, गाडी अकोल्यात शिरत असताना, पहाऱ्यावरच्या माणसाचाही डोळा लागतो. नेमक्या त्याच वेळी उतरणाऱ्यांची हालचाल सुरू झालेली असते.

साखळीला बांधता येत नाही ते पैसे, दागिने, कागद आणि मोबाइल. हे बॅगेत नकोतच. गावी लग्नाला जाताना दागिने सुटकेसच्या तळाशी ठेवण्याची सवय फार आहे, पण मग साखळी तोडणं चोराला परवडण्यासारखं होतं. दागिने आणि रोकड कपड्यांच्या आतल्या कप्प्यात किंवा पोटाशी बांधलेल्या पाउचमध्ये असावी आणि झोपताना कुशीत यावी. पर्स खुंटीला टांगून किंवा उशाखाली ठेवून झोपू नये. उशी सरकते. स्लीपरमध्ये खिडकीकडे डोकं करायचं असेल तर शटर खाली ओढून खटका बसल्याची खात्री करावी आणि मंगळसूत्र पदराआड घ्यावं. गाडी कसाऱ्याला उभी असते किंवा घाटात सावकाश जाते तेव्हा बाहेरचा हात आत यायला वेळ लागत नाही. एसीत डोकं खिडकीकडे आणि पाय वाटेकडे ठेवणं बरं. मोबाइल चार्जिंगला लावून झोपण्याची सवय तर सोडायलाच हवी. चार्जर भिंतीला, मोबाइल लटकलेला, आणि मालक गाढ झोपेत. पॉवर बँक पाउचमध्ये ठेवून तिथेच मोबाइल लावला की काम भागतं. अनोळखी माणसाने दिलेली बिस्किटं किंवा चहा नाकारण्याचा जुना सल्ला अजूनही खरा आहे. गुंगीचं औषध दिलेल्या माणसाजवळची चोरी साखळी लावूनही टळत नाही, कारण साखळीची किल्ली त्याच्याच खिशात असते.

सकाळकडे लोक दुर्लक्ष करतात. उजाडलं की भीती संपली असं वाटतं, पण बडनेऱ्यापासून पुढे अपडाऊन करणारे प्रवासी चढतात, मिडल बर्थ खाली येतात आणि सगळ्यांचं सामान वाटेत उघडं पडतं. या गोंधळात चोरीइतकीच बॅगांची अदलाबदल होते. काळ्या ट्रॉल्या एकसारख्या असतात आणि वर्ध्याला घाईत उतरणारा माणूस प्रामाणिकपणेही दुसऱ्याची घेऊन जातो. हँडलला लाल किंवा पिवळ्या कापडाची चिंधी घट्ट बांधली आणि आत नाव-फोनचा कागद ठेवला तर असं होत नाही. साखळी वर्ध्याला काढू नये. बुटीबोरी मागे पडली की काढावी, तेवढ्यात सामान उतरवायला भरपूर वेळ मिळतो.

एवढं सगळं प्रवाशानेच का करायचं, भाडं घेणाऱ्या रेल्वेची काहीच जबाबदारी नाही का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कायद्यात आहे. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 100 प्रमाणे, नोंदवून पावती दिलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते. प्रवाशाने आपल्याजवळ ठेवलेल्या सामानाबाबत मात्र नुकसान रेल्वेच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे वा गैरवर्तनामुळे झालं हे सिद्ध करावं लागतं. 2023 मध्ये कमरेच्या पट्ट्यात एक लाख रुपये घेऊन जाणाऱ्या प्रवाशाचे पैसे चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. प्रवासी स्वतःच्या वस्तू सांभाळू शकला नाही, तर रेल्वेची सेवा सदोष ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. याचा अर्थ तक्रार व्यर्थ आहे असा नाही. आरक्षित डब्यात अनधिकृत माणसं शिरू दिली, टीसीला सांगूनही त्यांना काढलं नाही, असं दाखवता आलं तर दावा उभा राहू शकतो. म्हणून अशी तक्रार रात्रीच 139 वर नोंदवून तिचा क्रमांक जपावा. ऑनलाइन तिकिटाबरोबर घेतला जाणारा पैशांतला विमा अपघातासाठी आहे, सामानाच्या चोरीसाठी नाही.

आणि चोरी झालीच, तर मधल्या स्टेशनवर उतरून धावाधाव करू नये. गाडी निघून जाते, बाकीचं सामान गाडीतच राहतं, आणि सोबतचे वृद्ध एकटे पडतात. आधी 139 ला फोन करून गाडीचा क्रमांक, डबा, बर्थ आणि बॅग शेवटची कुठे पाहिली ते सांगावं. टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या सुरक्षा दलाच्या जवानाकडे एफआयआरचा अर्ज असतो. तो भरून दिला की पुढच्या लोहमार्ग पोलीस ठाण्याकडे जातो. घटना कोणत्या हद्दीत झाली या कारणाने ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो. अर्जात "मौल्यवान वस्तू" असं मोघम लिहू नये. बॅगेचा रंग, कंपनी, चिंधी आणि आतल्या वस्तू एकेक लिहाव्यात. निघण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो आणि मोबाइलचा आयएमईआय क्रमांक घरच्या कोणाकडे पाठवून ठेवला असेल, तर हे सगळं मध्यरात्री आठवावं लागत नाही. त्याच क्रमांकावरून एफआयआरनंतर संचार साथीवर हँडसेट बंद करता येतो.